न हललेल्या मनगटाचा व्यायाम

सकाळी ८

मिरजेतल्या आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत दिवसाची सुरुवात पकड मोजायच्या यंत्रापासून होते. डायनॅमोमीटरचा काटा शून्यावर आहे ना ते बघायचं, मूठ पेशंटच्या हाताच्या मापाला लावायची आणि मोजपट्टी हाताशी ठेवायची. त्यानंतर आजची यादी. बहुतेक नावांपुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. शेक, ताण, वजन, चालणं. तीन-चार नावांपुढे मात्र मी पेन्सिलीने ‘मनात’ असं लिहून ठेवते. या लोकांकडून मी हालचालीची नुसती कल्पना करून घेते. कुणाचा हात प्लास्टरमध्ये असतो, कुणाच्या मांडीचा स्नायू ऑपरेशननंतर ऐकत नाही.

आमच्याकडे नव्याने आलेल्या इंटर्नला हे सगळं थोडं बुवाबाजीसारखं वाटतं. तिने यादी वाचली, भुवई उंचावली आणि विचारलं, “मॅडम, मनात मूठ आवळून ताकद येते?” मी म्हटलं, दिवसभर बघ आणि दुपारी तूच सांग.

सकाळी ८:४५

पहिल्या मावशी खानावळीत पोळ्या लाटतात. ओल्या अंगणात घसरल्या, हात टेकला आणि उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. कच्चं प्लास्टर जाऊन आता पक्कं लागलंय, कोपराखालून बोटांच्या मुळांपर्यंत. बोटं, कोपर आणि खांदा हलवायचे व्यायाम आम्ही पहिल्या दिवसापासून देतो, कारण ते खरोखर हलवता येतात. अडकलेलं असतं ते मनगट. त्याच्यासाठी आजपासून कल्पनेतला सराव.

पद्धत मी २०१४ साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातून आलेल्या एका प्रयोगातून घेतली आहे. तिथे धडधाकट माणसांचं एक मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून पाच दिवस मनातल्या मनात मनगट पूर्ण जोर लावून दाबलं. पाच सेकंद दाबायचं, पाच सेकंद सोडायचं. असं चार वेळा झालं की एक मिनिट विश्रांती, आणि अशा तेरा फेऱ्या. म्हणजे एका बैठकीत बावन्न वेळा आणि वेळ साधारण वीस मिनिटं. हात खरोखर आवळला जात नाही ना, हे स्नायूतल्या विजेवर लक्ष ठेवून पाहिलं जात होतं.

चार आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा काहीच न केलेल्यांची मनगटाची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती. मनात सराव केलेल्यांची सुमारे २४ टक्के. घट दोघांचीही झाली, पण दुसऱ्या गटाची जवळजवळ निम्मीच.

मावशींना मी आकडे सांगत नाही. त्यांना आधी डाव्या हाताने टेबलाच्या कडेवर खरोखर जोर लावायला सांगते, तळहात आतल्या बाजूला वाकवत. “कुठे ताण आला?” त्या कोपराखालचा मांसल भाग दाखवतात. “आता डोळे मिटा. तोच ताण उजव्या हातात आणा. हात दिसायला नको, जाणवायला हवा. सगळा जोर लावा, पण हलवू नका.”

माझी दोन बोटं प्लास्टरच्या वरच्या काठाशी, कोपराजवळ उघड्या राहिलेल्या स्नायूवर असतात. पहिल्या दोन वेळा तो बोटांखाली टणक झाला, म्हणजे मावशी खरंच दाबत होत्या. हाड जुळत असताना ते नको. तिसऱ्या वेळी स्नायू मऊ राहिला, पण मावशींचा श्वास अडला आणि कपाळावर आठ्या आल्या. हे बरोबर जमल्याचं मी इंटर्नला खुणेने सांगितलं.

“दमले की हो,” मावशी डोळे उघडून म्हणाल्या. “न हलता कसली दमले मी?”

सकाळी १०

मनात दाबताना आत काय होतं, ते मी इंटर्नला पुढचा पेशंट येईपर्यंत सांगते.

हालचाल करण्याआधी मेंदू तिची जुळवाजुळव करतो. कोणते स्नायू, कोणत्या क्रमाने, किती जोराने. हे काम डोक्याच्या वरच्या-पुढच्या भागातल्या पट्ट्यांमध्ये आणि लहान मेंदूत चालतं. त्यांच्यामागच्या मुख्य चालक पट्ट्यातून शेवटचा हुकूम मज्जारज्जूकडे निघतो. कल्पना करताना जुळवाजुळवीचे हे बरेचसे भाग खऱ्या हालचालीसारखेच जागे होतात, आणि मुख्य पट्टाही थोडा चाळवतो. फक्त शेवटचा हुकूम रोखून धरलेला असतो.

याचा पुरावा डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मिळतो. कॉइलचा एक झटका चालक पट्ट्यावर दिला की हाताचं बोट आपोआप उडतं. माणूस स्वस्थ बसलेला असताना ते जितकं उडतं, त्यापेक्षा तो त्याच बोटाची कल्पना करत असताना त्याच झटक्याला जास्त उडतं. म्हणजे वाट आधीच तापलेली असते. मज्जारज्जूपर्यंत काहीतरी पोचतंही, पण स्नायू आवळायला लागतं त्याच्या खालच्या पातळीवर.

“मग स्नायूला व्यायाम होतच नाही,” इंटर्न म्हणाली.

होत नाही. त्यात ताण नाही, भार नाही, धागे जाड व्हायला लागतं ते काहीच नाही. प्लास्टरमध्ये बारीक झालेला हात कल्पनेने भरत नाही. ओहायोच्या प्रयोगात जे वाचलं ते वेगळं होतं. ताकदीचे दोन हिस्से असतात. स्नायू किती आहे हा एक, आणि त्यातला किती स्नायू मेंदू एका वेळी कामाला लावू शकतो हा दुसरा. हात बांधून ठेवला की मेंदू त्याला पूर्ण हुकूम पाठवणं सोडून देतो. चालक पट्ट्यातला आवर वाढतो. कॉइलच्या झटक्यानंतर आवळलेला स्नायू काही क्षण गप्प होतो, आणि प्लास्टरनंतर हा गप्प राहण्याचा काळ लांबतो. मनात सराव केलेल्यांमध्ये तो तितका लांबला नाही, आणि त्यांना आपला स्नायू जास्त पूर्णपणे वापरता येत होता.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी जोडून सांगते. त्या प्रयोगातल्या कुणाचंही हाड मोडलेलं नव्हतं. त्यांना ना सूज होती ना वेदना. मावशींच्या बाबतीत मी जे करते आहे ते या निष्कर्षाचं पुढे ओढलेलं टोक आहे. ते तितकंच लागू पडेल याची हमी नाही. खर्च आणि धोका जवळजवळ नसल्यामुळे मी ते वापरते.

सकाळी ११

आता आलेले काका सतार बनवतात. मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं. त्यांचंही उजवं मनगट, मावशींसारखंच मोडलेलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून आता तिसरा आठवडा आहे.

प्लास्टरच्या काळात त्यांनी घरी मनातला सराव नेमाने केला होता. कसा करता, असं मी तेव्हा विचारलं तर म्हणाले, “जवारी काढतो की. घोडीवर कानस फिरवतो, सूर ऐकतो, परत फिरवतो.” ऐकायला फार छान, आणि हाताचं कसब विसरायला नको म्हणून उपयोगीही. पण जवारीला जोर लागत नाही, उलट हात हलका ठेवावा लागतो. ताकदीवरच्या प्रयोगांमध्ये माणसांना पूर्ण जोर लावल्याची कल्पना करायला सांगितलेलं असतं. म्हणून त्यांच्यासाठी आम्ही दुसरं काम शोधलं. खुंटी भोकात घट्ट बसवताना मनगटाने दाब देऊन पिळायचा तो जोर. तो त्यांना नेमका आठवत होता.

आज मोजमाप. कोपर अंगाशी, काटकोनात. तीनदा आवळायचं आणि सरासरी घ्यायची. डावा हात ३४ किलो. उजवा प्लास्टर काढल्यावर १२ होता, आज २० आहे. कोपराखालचा घेर डाव्या हाताचा २६ सेंटिमीटर. उजवा तेव्हा साडेचोवीस होता आणि आजही तितकाच आहे.

इंटर्नने दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि थांबली. पकड आठ किलोने वाढली आणि हात होता तेवढाच राहिला. मग हे आठ किलो आले कुठून?

थोडे सूज आणि दुखणं कमी झाल्यामुळे आले, कारण दुखत असलं की मेंदू स्वतःच जोर आखडता घेतो. थोडे मनगट मोकळं झाल्यामुळे आले. पकड घट्ट बसायला मनगट जरा मागे वळावं लागतं, आणि सुरुवातीला ते वळतच नव्हतं. राहिलेला हिस्सा मेंदू पुन्हा पूर्ण हुकूम पाठवायला लागल्याचा. तीन आठवड्यांत ताकद वाढून स्नायूचा घेर तसाच राहतो, तेव्हा वाढ बहुतेक स्नायूबाहेरून आलेली असते. हे व्यायामशाळेत नव्याने जाणाऱ्याच्या पहिल्या काही आठवड्यांनाही लागू आहे.

काकांचं म्हणणं, मनातल्या सरावानेच हे झालं. मला तसं म्हणता येत नाही. त्यांनी तो केला नसता तर आज काटा कुठे असता, हे सांगणारा दुसरा काका माझ्याकडे नाही. मोडण्याआधी त्यांची उजवी पकड किती होती तेही कुणी मोजलेलं नाही. कल्पनेचा वाटा दाखवायला दोन गट लागतात, एका माणसाचा आलेख पुरत नाही. मी वहीत लिहिलं ते इतकंच: २०, दुखणं कमी, आता पिळलेला टॉवेल आणि अर्धा किलोचं वजन.

दुपारी १:३०

डबा उघडल्यावर इंटर्नने तिचा प्रश्न पुन्हा काढला. धडधाकट माणसाने, प्लास्टर वगैरे काही नसताना, नुसत्या कल्पनेने ताकद वाढवता येते का?

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर करंगळीतून आलेलं आहे. १९९२ साली यू आणि कोल या संशोधकांनी लोकांकडून करंगळी बाजूला ढकलण्याचा सराव करून घेतला, चार आठवडे. खरा सराव करणाऱ्यांची ताकद ३० टक्के वाढली, नुसती कल्पना करणाऱ्यांची २२ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांची जवळजवळ ४. पुढे २००४ मध्ये क्लीव्हलँडच्या गटाने बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं, असाच सराव घेतला. त्यात मनातल्या सरावाने करंगळीची ताकद ३५ टक्के वाढली. पण कोपर वाकवण्याची ताकद वाढली ती साडेतेरा टक्केच.

याउलट ऑस्ट्रेलियात हर्बर्ट, डीन आणि गांडेव्हिया यांनी १९९८ मध्ये कोपरावर तोच प्रश्न घेतला. खऱ्या व्यायामाने सुमारे १८ टक्के वाढ झाली. कल्पना करणारे आणि काहीही न करणारे दोघेही सात टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे कल्पनेचा म्हणून काही फायदा दिसला नाही.

“मग खरं कोणाचं?”

मला वाटतं, उत्तर करंगळी आणि कोपर यांच्यातल्या फरकात आहे. करंगळी सगळा जोर लावून बाजूला ढकलायची वेळ आयुष्यात कधी येत नाही. त्या हालचालीला पूर्ण हुकूम कसा द्यायचा हे मेंदूने कधी शिकलेलंच नसतं, म्हणून तिथे शिकण्यासारखं भरपूर असतं. कोपर वाकवून आपण बादल्या उचलतो, पोरं उचलतो, गॅसचं सिलिंडर उचलतो. तरुण, निरोगी माणूस मनापासून जोर लावतो तेव्हा कोपराच्या स्नायूचा जवळजवळ सगळा भाग मेंदूने आधीच कामाला लावलेला असतो. उरतं ते चार-पाच टक्के. कल्पनेने मिळण्यासारखं असेल तर तेवढंच, आणि मोजमापाच्या चुकांमध्ये ते कधी दिसतं, कधी हरवतं.

मी पेशंट निवडते ते याच हिशोबाने. मेंदूचा हुकूम जिथे तोकडा पडतोय तिथे मनातला सराव कामाचा. जिथे हुकूम पूर्ण आहे आणि स्नायूच कमी आहे, तिथे वजनच उचलावं लागतं.

दुपारी ३:३०

हुकूम तोकडा पडण्याचं ढळढळीत उदाहरण दुपारी आलं. कॉलेजात कबड्डी खेळणारा मुलगा, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले. पाय सरळ ठेवून मांडी घट्ट कर म्हटलं तर वाटी जागची हलत नाही. स्नायू कापलेला नाही, त्याची नसही ठीक आहे. पण सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला असे संदेश जातात की तो मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबूनच ठेवतो. मुलगा जीव तोडून प्रयत्न करतो आणि ताण येतो तो ढुंगणाला.

त्याला मी मनात करायला सांगितलं. डोळे मिटून तो लगेच रमला. एक मिनिटाने विचारलं, काय केलंस? “रेड टाकली, मॅडम. बोनस घेऊन दोघांना बाद केलं.” कुठून दिसत होतं? “टीव्हीवर दिसतं तसं, वरून.”

ही सगळ्यात जास्त आढळणारी गडबड. स्वतःला बाहेरून पाहणं म्हणजे चित्रपट बघणं. त्याने उत्साह येतो, पण स्नायूकडे जाणारी वाट फारशी जागी होत नाही. कॉइल वापरून केलेल्या मोजमापात आतून जाणवणाऱ्या कल्पनेने वाट तापते, नुसत्या दिसणाऱ्या कल्पनेने नाही, असं आढळलं आहे. कोपरावरच्या २०१३ च्या एका छोट्या प्रयोगातही आतून कल्पना करणाऱ्यांची ताकद सुमारे ११ टक्के वाढली, बाहेरून बघणाऱ्यांची मोजण्याइतकी नाही.

म्हणून कबड्डी बंद. चांगल्या पायाची मांडी खरोखर घट्ट कर, वाटी वर सरकते ते बोटाने बघ, गुडघ्यामागची उशी दाबली जाते ते जाणव. आता तेच दुसऱ्या पायात, मनात, पाच सेकंद. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी खरोखर.

तो आतून करतोय की पुन्हा मैदानात गेलाय हे ओळखायला माझ्याकडे स्टॉपवॉच आहे. पाय सरळ उचलून खाली ठेवायला चांगल्या पायाने त्याला चार सेकंद लागले. तेच मनात कर आणि संपलं की बोट उचल, असं सांगितलं. पहिल्यांदा बोट एका सेकंदात वर आलं, म्हणजे त्याने हालचाल केलीच नव्हती, ती झाल्याचं ठरवून टाकलं होतं. दोन-तीनदा समजावल्यावर वेळ साडेतीन-चार सेकंदांवर आला. खरी आणि मनातली हालचाल साधारण सारखाच वेळ घेतात. फार मोठी तफावत असली की सराव नुसता नावाला चाललाय असं समजावं.

शेवटी खरा प्रयत्न केला तेव्हा वाटी केसभर वर सरकली. त्याने स्वतःच बोट ठेवून पाहिलं. त्यापुढचं काम विजेच्या यंत्राचं आणि रोजच्या व्यायामाचं.

संध्याकाळी ५

प्रत्येकाला हे द्यायचं नसतं. आजच्या शेवटच्या ताई मनगटाचं प्लास्टर निघून दोन महिने झालेल्या. हात लालसर, चकचकीत, सुजलेला. ओढणीचा काठ लागला तरी आग होते. ही नुसत्या कडकपणाची केस नाही. मज्जासंस्थाच बिथरली आहे.

मागच्या वेळी मी त्यांना मूठ मिटल्याची कल्पना करायला सांगितली होती, अगदी हलकी. चार-पाच वेळांत त्यांचा चेहरा पिळवटला. हात मांडीवर तसाच होता, स्नायू मऊ होता आणि दुखणं मात्र वाढलं होतं. अशा दीर्घ दुखण्याच्या पेशंटमध्ये नुसत्या कल्पनेने वेदनाच नव्हे तर बोटांची सूजही वाढते, हे मोझली यांच्या गटाने २००८ मध्ये मोजून दाखवलं आहे. इंटर्नची सकाळची शंका याने जास्त नीट फिटली असं मला दिसलं. ज्या कल्पनेने बोट सुजू शकतं, तिने काहीच होत नाही असं म्हणणं अवघड.

ताईंना आता एक पायरी मागे नेलं आहे. हातांचे फोटो, वेगवेगळ्या कोनांत धरलेले, आणि प्रत्येकाला ‘उजवा की डावा’ एवढंच ओळखायचं. हे ओळखतानाही मेंदू आपला हात मनात त्या जागी वळवून बघतो, पण नकळत आणि कमी जोराने. दुखऱ्या बाजूचे फोटो ओळखायला त्यांना जास्त वेळ लागतो. तो वेळ दोन्ही बाजूंना सारखा झाला आणि दुखणं वाढलं नाही की मग पुन्हा मूठ मिटल्याची कल्पना, तीही थोडीच.

संध्याकाळी ६:३०

नोंदी लिहायला घेतल्या तेव्हा पोळ्यांच्या मावशींचा फोन आला. दुपारी घरी बसल्या सराव केला, सातव्या फेरीनंतर मन भरकटायला लागलं, डुलकी लागली. मी म्हटलं, तेरा एकदम नकोत, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा करा. झोप येत असेल तर जेवणाआधी. आणि मनात पोळी लाटू नका, कणीक तिंबा. जोर तिथे लागतो.

“मग प्लास्टर निघालं की हात तयारच ना? परत व्यायामाला यायला नको?”

यावं लागेल. सहा आठवड्यांत मनगट आखडलेलं असेल, स्नायू बारीक झालेला असेल, आणि त्या दोन्हींवर कल्पनेचा उपाय नाही. आखडलेलं मनगट रोज ताणावं लागेल आणि बारीक झालेला स्नायू वजनाने भरावा लागेल, त्याला दोन-तीन महिने जातील. आत्ताचा सराव यासाठी की वजन हातात घ्याल त्या दिवशी मेंदूने हात टाकून दिलेला नसावा.

“बरं,” मावशी म्हणाल्या. “मग उद्यापासून परातभर तिंबते.”